शाखांच्या गुणांचा हीट मॅप: रंग एक्सेलने नाही, आपण ठरवायचे

हडपसरच्या शाखेतून फोन आला तेव्हा सप्टेंबरचा तक्ता पाठवून तासभरही झाला नव्हता. "मॅडम, सकाळच्या तक्त्यात आमचं जुलैचं घर फिकट पिवळं होतं. आता दुपारच्या तक्त्यात लालभडक आहे. आकडा मात्र तोच आहे, सहासष्ट. मधल्या वेळात आम्ही काय केलं?"

त्यांनी काहीच केलं नव्हतं. केलं होतं मी, आणि तेही हडपसरच्या ओळीत नाही. सिंहगड रस्ता शाखेचा ऑगस्टचा आकडा चुकून ३४ पडला होता, तो मी ८४ केला. एवढ्या एका दुरुस्तीने सगळ्या तक्त्याचे रंग बदलले. हीट मॅप, म्हणजे आकड्यांप्रमाणे घरं रंगवलेला तक्ता, नव्याने शिकणाऱ्यांना मी आता हाच किस्सा आधी सांगते, कारण पुढची बहुतेक काळजी यातूनच निघते.

आमचा व्यवसाय फरसाण-मिठाईचा, पुण्यात सहा दुकानं. दर महिन्याला मुख्य कार्यालयातून एक जण चेकलिस्ट घेऊन प्रत्येक दुकानात जातो आणि स्वच्छता, मांडणी, बिलिंग, वागणूक यांचे मिळून शंभरपैकी गुण देतो. त्या गुणांचा तक्ता असा. शाखा आडव्या ओळींत, महिने उभ्या रकान्यांत.

| शाखा | एप्रिल | मे | जून | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर |
|---|---|---|---|---|---|---|
| चिंचवड | ९० | ९१ | ८९ | ८३ | ९० | ९१ |
| कोथरूड | ८८ | ८९ | ८७ | ८० | ८८ | ९० |
| औंध | ८६ | ८५ | ८७ | ७९ | ८६ | ८७ |
| बिबवेवाडी | ८४ | ८५ | ८३ | ७७ | ८४ | ८६ |
| सिंहगड रस्ता | ८२ | ८३ | ८४ | ७६ | ८४ | ८३ |
| हडपसर | ७४ | ७२ | ७३ | ६६ | ७५ | ७४ |

छत्तीस आकडे. बिनरंगाचे वाचायला बसलात तर मिनिटभर डोळे फिरतात आणि शेवटी लक्षात राहतो तो एखादाच आकडा. रंग भरले की नजर आपोआप जिथे जायला हवी तिथे जाते. पण ती कुठे जावी, हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं.

आधी कच्ची नोंद

रंगाच्या आधी एक कंटाळवाणं काम आहे, ते टाळू नका. वरचा तक्ता हाताने भरायचा नाही. `Data` नावाची वेगळी शीट ठेवायची आणि तिथे प्रत्येक भेटीची एक ओळ लिहायची: A रकान्यात तारीख, B मध्ये शाखा, C मध्ये गुण. बस, तीनच रकाने. आकडे इंग्रजी अंकांतच टाका.

मराठीत शाखांची नावं टाइप करणाऱ्यांना इथे एक खास त्रास होतो. कुणी 'कोथरूड' लिहितं, कुणी 'कोथरुड'. माणसाला दोन्ही सारखंच, एक्सेलला ही दोन वेगळी गावं. एका उकाराच्या फरकाने महिन्याभराचे गुण गायब होतात आणि तक्त्यात रिकामं घर दिसतं. नावामागे पडलेली एक स्पेसही तेच करते, आणि ती तर दिसतही नाही. म्हणून B रकान्याला `Data` → `Data Validation` मध्ये जाऊन `List` लावा आणि सहा नावं एकदाच शुद्ध लिहून ठेवा. नंतर टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं.

आता तक्त्याची शीट. A2 पासून खाली शाखा, B1 पासून उजवीकडे महिने. महिन्याच्या जागी 'एप्रिल' असा शब्द लिहू नका, महिन्याची पहिली तारीख टाका: `1-Apr-2025`, `1-May-2025`. ती `1/4/2025` अशीही टाकू नका, कारण संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर त्याला तो चार जानेवारी वाटतो. नंतर त्या घरांना `mmm` हा फॉरमॅट दिला की फक्त महिना दिसतो, आत तारीख शाबूत राहते. मग B2 मध्ये हे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=IFERROR(AVERAGEIFS(Data!$C:$C,Data!$B:$B,$A2,
 Data!$A:$A,">="&B$1,Data!$A:$A,"<"&EDATE(B$1,1)),"")
```

सूत्र एवढंच म्हणतं: ही शाखा, हा महिना, यांत जेवढ्या भेटी झाल्या त्यांच्या गुणांची सरासरी दे. भेटच झाली नसेल तर घर रिकामं ठेव. तो सुरुवातीचा `IFERROR` फार महत्त्वाचा. तो नसेल तर भेट न झालेल्या घरात `#DIV/0!` येतं, आणि एक्सेलमध्ये निवडलेल्या भागात असं एक घर असलं तरी रंगपट्टी सगळ्याच भागावर लागत नाही. नवखा माणूस अर्धा तास रंग का दिसत नाहीत ते शोधत बसतो.

आणि भेट झाली नाही म्हणून शून्य भरणं हा गुन्हा समजा. गणपतीच्या आठवड्यात तपासणीला गेलो तर गिऱ्हाईकं आणि मोदकांचे खोके यांतून काउंटरपर्यंत पोचताच येत नाही, तेव्हा एखादी भेट राहतेच. रिकाम्या घराला रंग लागत नाही, शून्याला सगळ्यात वाईट रंग लागतो. 'गेलोच नाही' आणि 'शून्य मिळाले' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तयार रंग लावले की काय होतं

आता सगळे करतात ते करून बघा. B2 ते G7 निवडा, `Home` → `Conditional Formatting` → `Color Scales`, आणि पहिलीच हिरवी-पिवळी-लाल पट्टी दाबा. दोन सेकंदांत तक्ता रंगतो, छानही दिसतो. मी दोन वर्षं हेच करत होते.

यात एक्सेल तीन गोष्टी स्वतः ठरवतं. निवडलेल्या आकड्यांतला सगळ्यात छोटा तो लाल. सगळ्यात मोठा तो हिरवा. आणि सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये जो येतो तो पिवळा, ज्याला तिथे `Percentile` `50` म्हटलेलं असतं. आमच्या तक्त्यात हा मधला आकडा ८४ येतो.

नीट विचार केला तर यात दोन गोची आहेत. पहिली हडपसरच्या फोनमधली. तक्त्यात ३४ होता तेव्हा लाल रंगाचं टोक ३४ वर होतं, पिवळं ८४ वर. हडपसरचा ६६ या दोघांच्या मध्ये पडला, अर्ध्याहून पुढे, म्हणून पिवळसर दिसला. हडपसरचे ७२ ते ७५ तर जवळजवळ पिवळेच. एका चुकीच्या आकड्याने सगळा लाल रंग स्वतःकडे ओढून घेतला आणि बाकीचा तक्ता धुऊन निघाला. चूक दुरुस्त झाली तेव्हा सगळ्यात छोटा आकडा हडपसरचाच ६६ उरला, म्हणून लाल टोक तिथे आलं. तक्ता आधीही खोटं बोलत होता, नंतरही बोलत होता. फक्त दोन वेळा वेगवेगळं खोटं.

दुसरी गोची जास्त चोरटी आहे. मधल्या आकड्याला पिवळा दिला की साधारण निम्मी घरं पिवळ्याच्या खाली जाणार म्हणजे जाणारच. उद्या साऱ्या शाखांनी नव्वदीच्या वर गुण मिळवले तरी त्यातल्या निम्म्या नारंगी-लालच दिसतील. आमच्याकडे ८० गुण म्हणजे काम चोख, असं ठरलेलं आहे. तरीही सिंहगड रस्त्याचा ८२ आणि ८३ महिनोन् महिने नारंगीकडे झुकलेला दिसायचा आणि तिथला मॅनेजर बैठकीत मान खाली घालून बसायचा. त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं.

आकडे आपण द्यायचे

हे टाळायचं तर रंग कुठल्या आकड्याला बदलेल ते आपण सांगायचं. घरं तीच निवडा, यावेळी `Color Scales` मधून `More Rules` उघडा. `Format Style` मध्ये `3-Color Scale` घ्या. `Minimum`, `Midpoint`, `Maximum` अशा तीन जागा दिसतील. तिन्हींचा `Type` बदलून `Number` करा आणि `Value` मध्ये `65`, `80`, `95` लिहा.

गुगल शीट्समध्ये हेच `Format` → `Conditional formatting` → `Color scale` इथे मिळतं. तिथे नावं `Minpoint`, `Midpoint`, `Maxpoint` अशी आहेत, आणि तिथेही प्रत्येकाला `Number` निवडायचं.

हे तीन आकडे कुठून आणले? मधला सगळ्यात सोपा: तुमच्याकडे 'ठीक आहे' असं जिथे म्हणतात तो. आमचा ८०. खालचा असा घ्या की तिथे पोचलेल्या शाखेत त्याच आठवड्यात कुणीतरी जायलाच हवं, आमच्याकडे ६५. वरचा मग मधल्यापासून तेवढ्याच अंतरावर. ऐंशीपासून खाली पंधरा, वर पंधरा. हे अंतर सारखं का? कारण पाच गुण कमी आणि पाच गुण जास्त यांचा रंग सारखाच गडद दिसायला हवा. खाली १५ आणि वर ५ ठेवलंत तर ८३ ला गडद चांगला रंग लागतो आणि ७७ ची उणीव लक्षातही येत नाही.

६५ च्या खालचा कुठलाही आकडा, मग तो ६० असो की ३४, एकाच सर्वांत गडद रंगात दिसतो. म्हणूनच आता चुकीचा आकडा बाकीच्यांच्या रंगाला हात लावू शकत नाही. तो एकटाच गडद उठून दिसतो, आणि तेच हवंय.

कुठले रंग

आमच्या एका मॅनेजरने दोन वर्षांनी, चहा पिताना, सहज सांगितलं की त्याला तक्त्यातलं लाल आणि हिरवं वेगळं ओळखू येत नाही. बैठकीत तो आकडेच वाचायचा आणि गप्प बसायचा. लाल-हिरव्याचा हा दोष पुरुषांत दुर्मीळ नाही, दहा-बारा जणांची बैठक असेल तर एखादा निघू शकतो. म्हणून मी हिरवा-लाल सोडला. खाली नारंगी, मध्ये पांढरा, वर निळा घेतला.

फिकट छटा घ्या, नाहीतर आतला काळा आकडा वाचता येत नाही. मी वापरते त्या या: नारंगी `F4A582`, पांढरा `FFFFFF`, निळा `92C5DE`. रंगाच्या खिडकीत `More Colors` → `Custom` मध्ये `Hex` ही जागा असेल तर हेच टाका. जुन्या एक्सेलमध्ये नसेल तर लाल-हिरवा-निळा असे आकडे टाका, नारंगीसाठी `244`, `165`, `130` आणि निळ्यासाठी `146`, `197`, `222`.

मध्ये पांढरा ठेवल्याचा फायदा म्हणजे ठीकठाक घरं गप्प राहतात. पिवळा ओरडतो.

या जोडीची एक मर्यादा मात्र आहे, आणि ती मला झेरॉक्सवाल्याकडे कळली. हा नारंगी आणि हा निळा काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये जवळजवळ एकाच करड्या रंगाचे होतात. उत्तम शाखा आणि वाईट शाखा सारख्याच काळपट. तक्ता कागदावर फिरणार असेल तर `2-Color Scale` घ्या: वरच्या आकड्याला पांढरा, खालच्याला गडद करडा, म्हणजे जिथे काळं तिथे काम. आणि काहीही झालं तरी घरातले आकडे लपवू नका. फक्त रंगांचा तक्ता दिसायला देखणा असतो, पण ७९ आणि ८१ यावरून भांडण झालं की उपयोगाचा नसतो.

पेस्ट करताना

एक छोटी पण नेहमीची कटकट. दुसरीकडून घरं कॉपी करून या तक्त्यात नुसती पेस्ट केली की त्यांचे रंगाचे नियमही सोबत येतात आणि तक्त्याचे तुकडे पडतात: काही घरं जुन्या नियमावर, काही नव्या. शेजारच्या दोन घरांत एकच आकडा आणि वेगळा रंग दिसला की हेच झालंय असं समजा. `Conditional Formatting` → `Manage Rules` उघडून वर `This Worksheet` निवडा. तिथे या तक्त्याचा एकच नियम दिसायला हवा आणि त्याच्या `Applies to` मध्ये सगळा भाग. जास्त दिसले तर बाकीचे काढून टाका. पुढे पेस्ट करताना `Paste Special` → `Values`.

सरासरीचा रकाना शेवटी ठेवलात तर तो या भागात धरू नका. सरासरीत चांगले-वाईट महिने मिसळून जातात आणि ती उगाच डोळ्याला शांत करते.

तक्ता कसा वाचायचा

ओळींचा क्रम आधी लावा. नावांच्या अकारविल्हे क्रमाने रंग विखुरतात. मी वर्षाच्या सुरुवातीला गेल्या वर्षीच्या सरासरीने शाखा उतरत्या लावते आणि मग वर्षभर हलवत नाही. दर महिन्याला क्रम बदलला तर लोक तक्ता वाचत नाहीत, आपला नंबर शोधतात.

मग बघायचं ते तीन आकारांकडे. आडवी नारंगी पट्टी, म्हणजे एकच शाखा बरेच महिने. उभी पट्टी, म्हणजे एकाच महिन्यात सगळ्या शाखा. आणि एकटं घर. तिघांची कारणं तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात.

एकट्या घरावर पहिला संशय नोंदीचा घ्यायचा, शाखेचा नाही. आजूबाजूला ८४ आणि ८३ असताना मध्येच ३४ असेल तर फोन करण्याआधी कागद काढा. आमच्या चेकलिस्टवरचा इंग्रजी आठ डावीकडे उघडा राहिला होता, टाइप करणाऱ्याला तो तीन वाटला.

उभ्या पट्टीत शाखांना दोष द्यायची घाई करू नका. आमच्या तक्त्यात जुलै बघा. सगळीकडे गुण सहा-सात-आठने उतरलेत. पहिला तर्क सगळ्यांचा एकच होता: पाऊस, चिखल, ओल्या छत्र्या. पटण्यासारखा. पण मग ऑगस्टात सगळे एकदम वर कसे? पुण्यात ऑगस्ट काही कोरडा नसतो. शोध घेतला तर जुलैत नेहमीचा तपासनीस रजेवर होता आणि त्याच्या जागी गेलेला हात राखून गुण देणारा निघाला. मोजपट्टी बदलली होती, दुकानं नाही. तेव्हापासून `Data` शीटमध्ये चौथा रकाना आला: कुणी तपासलं.

आता एक गंमत. मुख्य तक्त्यात ही उभी पट्टी नीट दिसतच नाही. चिंचवडचा ८३ अजूनही फिकट निळा, कोथरूडचा ८० पांढरा, कारण ते ऐंशीच्या वर किंवा ऐंशीवर आहेत. चिंचवड घसरलं हे रंग सांगत नाही. त्यासाठी खाली दुसरा, तेवढाच तक्ता करायचा: प्रत्येक शाखेचा आकडा तिच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा किती वर-खाली.

```
=IF(B2="","",B2-AVERAGE($B2:$G2))
```

याला पुन्हा तीन रंग, पण आकडे `-10`, `0`, `10`. चिंचवडची सरासरी ८९, म्हणून जुलै उणे ६. कोथरूडची ८७, म्हणून उणे ७. औंध उणे ६. हडपसरची ७२.३, म्हणून तिथेही उणे ६.३. सहाही ओळींत जुलैची नारंगी पट्टी एकसारखी उभी राहते. पहिला तक्ता विचारतो 'किती चांगलं?', दुसरा विचारतो 'काय बदललं?' दोन्ही एकाखाली एक ठेवा, मात्र एकाच तक्त्यात दोन्ही प्रश्न घुसडू नका.

दुसऱ्या तक्त्यात एक-दोन गुणांच्या चढ-उताराकडे दुर्लक्ष करा. एकच माणूस, एकच दुकान, सकाळी गेला काय आणि संध्याकाळी गेला काय, एवढा फरक पडतोच. उणे दहा ते अधिक दहा अशी रुंद मोजपट्टी घेतली की हे बारीक फरक पांढऱ्यातच राहतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकणार असाल तर तक्त्याच्या खालच्या ओळीत साध्या शब्दांत लिहा: 'गडद नारंगी ६५ किंवा कमी, पांढरा ८०, गडद निळा ९५ किंवा जास्त. रिकामं घर म्हणजे भेट नाही.' आणि हे तीन आकडे आर्थिक वर्षाच्या मध्ये बदलू नका. बदलावेच लागले तर जुने महिनेही नव्या आकड्यांनी रंगवून दोन्ही सोबत दाखवा, नाहीतर परत कुणाचा तरी फोन येतो.

राहिली हडपसरची आडवी पट्टी. पहिल्या तक्त्यात सहाही महिने नारंगी, दुसऱ्यात जुलै सोडला तर पांढरी. म्हणजे तिथे काही बिघडत नव्हतं, काहीतरी कायमचंच कमी होतं. चेकलिस्टचे सहा कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की हात धुण्याचं बेसिन आणि मालाची कोठी या दोन कलमांचे बारा गुण तिथे एकदाही मिळालेले नाहीत. मिळणार कसे? दुकानाच्या मागे मोरीच नाही आणि कोठी म्हणजे जिन्याखालची जागा. हे बारा गुण धरले तर हडपसर बिबवेवाडीच्या बरोबरीचं आहे. बेसिनसाठी नळजोड काढायला जागामालकाची परवानगी मागितली आहे. ती येईपर्यंत त्या ओळीच्या टोकाला मी एक टीप लिहून ठेवली आहे, ८८ पैकी.